एक रुपयाची पुडी आणि साडेसहाशे मिलीची बाटली

आजचा विषय दिसायला फार छोटा आहे, म्हणजे अक्षरशः सहा मिलीचा. शांपूची पुडी, सेंटची काडीएवढी बाटली, क्रीमची चिमुकली ट्यूब. मोठी बाटली घेण्याआधी थोडंसं घेऊन बघायचं, ही सवय आपल्याला कुठून लागली, आणि थोडंसं वापरून खरंच काही कळतं का, हे आज बघू.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. मी कराडचा. लहानपणी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात दारावरच शांपूच्या पुड्यांची माळ लटकलेली असायची. दुकानदार काका कात्रीने एक पुडी कापून द्यायचे. रविवारी सकाळी आई ती पुडी आणायची, कोपरा कापायची, अर्धी ताईच्या डोक्याला आणि अर्धी माझ्या. ताईचे केस लांब, त्यामुळे तिला अर्ध्याहून जास्त मिळायचं आणि त्यावरून भांडण व्हायचं. एखाद्या रविवारी उरलंच, तर आई पुडीचं तोंड दुमडून त्याला कपड्याचा चिमटा लावून ठेवायची. मित्र घरी आला की तो चिमटा लावलेली पुडी मी लपवायचो. मला वाटायचं, ज्यांना परवडतं ते बाटली घेतात आणि ज्यांना परवडत नाही ते पुडी.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, पहिला पगार झाला. मी आईसाठी साडेसहाशे मिलीची पंपवाली शांपूची बाटली घेऊन गेलो. तिने हातात घेतली, फिरवून बघितली आणि विचारलं, "अरे, केसाला सोसला नाही तर एवढ्याचं काय करायचं?" मला राग आला. मी म्हटलं, "आई, आता तरी कंजूषपणा सोड." ती काही बोलली नाही. बाटली कपाटात गेली.

या प्रश्नाकडे मी नंतर परत येणार आहे. आधी जरा मागे जाऊ.

नमुना देऊन माल विकायची पद्धत जुनी आहे. आपल्याकडे अत्तरवाला हेच करायचा, अजूनही करतो. कापसाच्या बोळ्याला अत्तर लावून तो फाया तुमच्या हातात देतो किंवा मनगटाच्या मागे काचेची काडी फिरवतो. तुम्ही तो फाया कानात ठेवून बाजारभर हिंडायचं, संध्याकाळपर्यंत वास टिकला आणि आवडला तर परत यायचं. यात एक गोष्ट लक्षात घ्या. अत्तरवाल्याला माहीत असतं की वास पहिल्या मिनिटाला कळत नाही, म्हणून तो फाया तुमच्याबरोबर पाठवतो. हे आपल्याला पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेत जाऊ. साल १८८६. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅककॉनेल नावाचा एक माणूस दारोदार फिरून पुस्तकं विकायचा. दार उघडायच्या बहुतेक घरातल्या बायका, आणि अनोळखी विक्रेत्याला दारात उभं करायला कोण तयार होणार? म्हणून तो पुस्तकांबरोबर सेंटचे छोटे नमुने फुकट द्यायला लागला. काही दिवसांत त्याच्या लक्षात आलं की लोकांना पुस्तकापेक्षा सेंटमध्ये जास्त रस आहे. त्याने पुस्तकं बाजूला ठेवली आणि सेंट विकायची कंपनी काढली, तिचं नाव कॅलिफोर्निया परफ्यूम कंपनी. कंपनी न्यूयॉर्कची आणि नाव कॅलिफोर्नियाचं, पण ते असो. हीच कंपनी पुढे एव्हॉन या नावाने जगभर गेली.

अत्तरवाला आणि मॅककॉनेल, दोघांच्या गोष्टीत एक साम्य आहे. नमुना फुकट आहे आणि तो किती द्यायचा, केव्हा द्यायचा हे विकणारा ठरवतो. तो नमुना तुम्हाला मोठ्या बाटलीपर्यंत न्यायला बनलेला आहे. बाटली घ्यायची तुमची ऐपतच नसेल, तर नमुना तुमच्यासाठी नाहीच.

आता हा नियम मोडणाऱ्या माणसाची गोष्ट. तमिळनाडूत समुद्राकाठी कडलूर नावाचं गाव आहे. तिथे चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ होते. त्यांचा छोटा औषधी आणि प्रसाधनांचा व्यवसाय होता. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी मुलाखतींतून वडिलांबद्दल बरंच सांगितलंय. त्या काळात टाल्कम पावडर पत्र्याच्या डब्यात यायची. एप्सम सॉल्ट, म्हणजे पोट साफ करायला घेतात ते मीठ, शंभर ग्रॅमच्या पाकिटात मिळायचं. चिन्नी कृष्णन यांचं म्हणणं असं, की हमाल किंवा रिक्षा ओढणारा माणूस एका वेळी लागतं तेवढंच विकत घेऊ शकतो, मग त्याला शंभर ग्रॅम घ्यायला का लावायचं? म्हणून त्यांनी पाच ग्रॅम, दहा ग्रॅम अशा पुड्या काढल्या. मग त्यांना वाटलं की पातळ पदार्थही पुडीत भरता येईल, आणि शांपूची पुडी हा पुढचा मोठा धंदा असेल.

वडील गेल्यावर मुलांनी वेल्वेट नावाचा शांपू पुडीत आणला. पुढे भावांमध्ये मतभेद झाले आणि रंगनाथन वेगळे झाले. १९८३ साली, हातात पंधरा हजार रुपये घेऊन, त्यांनी स्वतःचा शांपू काढला. नाव ठेवलं चिक, वडिलांच्या नावातल्या अक्षरांवरून. ही त्यांची कंपनी आज केविनकेअर म्हणून ओळखली जाते.

इथे एक क्षण थांबून त्या काळातल्या गावाचा विचार करा. डोकं धुवायला शिकेकाई, रिठा, नाहीतर सरळ अंगाचा साबण. शांपू म्हणजे शहरातल्या लोकांची बाटली. ज्या माणसाने शांपू कधी वापरलाच नाही, त्याला तुम्ही बाटली कशी विकणार? त्याच्यापुढे दोन प्रश्न होते. पैसे किती, हा पहिला. आणि हे माझ्या केसांना चालेल का, हा दुसरा. पुडीने दोन्ही प्रश्न एकदम सोडवले. जेवढ्याने एकदा डोकं धुतलं जातं तेवढाच माल, आणि नाही आवडला तर नुकसान काही पैशांचं.

पण नुसती पुडी काढून भागत नाही, ती लोकांच्या हातात जायला हवी. रंगनाथन यांची माणसं दक्षिणेतल्या खेड्यांत जायची. गर्दी जमली की एखाद्या पोराला पुढे बोलवायचं, सगळ्यांसमोर त्याचं डोकं शांपूने धुवायचं आणि लोकांना त्याच्या केसांवरून हात फिरवायला लावायचं. रजनीकांतच्या सिनेमाचे खेळ लावायचे, मध्ये शांपूची जाहिरात, आणि बघायला आलेल्यांना पुडी फुकट. इथपर्यंत हा मॅककॉनेलचाच खेळ आहे, फक्त दार नाही, गावचा चौक आहे.

खरी हुशारी त्यांच्या पुढच्या योजनेत होती. मी दिवसभर डेटाबरोबर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे मला ही योजना भारी आवडते. दुकानात कुठल्याही कंपनीच्या शांपूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक पुडी फुकट घेऊन जा. बघा हं, इथे काय झालं. फुकट पुडी वाटली तर ती कुणीही घेतं, टक्कल असलेले काकाही घेतील. पण पाच रिकाम्या पुड्या कुणाकडे असतील? जो खरंच शांपू वापरतो, पुडीच विकत घेतो आणि वरचेवर घेतो त्याच्याकडे. म्हणजे नमुना नेमक्या त्याच माणसाकडे गेला. सर्व्हे नाही, कॉम्प्युटर नाही, फक्त रिकाम्या पुड्या. काही महिन्यांनी योजना बदलली, आता फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील. ज्याने फुकट वापरून बघितलं, त्याला आता विकत घ्यायचं कारण मिळालं. रंगनाथन सांगतात की या योजनेने महिन्याची विक्री पस्तीस हजार रुपयांवरून बारा लाख रुपयांवर गेली.

पुढे मोगऱ्याच्या आणि गुलाबाच्या वासाचे चिक आले. १९९० च्या दशकाच्या शेवटी तर पुडीची किंमत पन्नास पैशांवर आणली. मोठमोठ्या कंपन्याही याच वाटेने आल्या, आणि किराणा दुकानांच्या दारांवर माळा लटकायला लागल्या. माझ्या गल्लीतल्या दुकानातली माळसुद्धा त्याच लाटेतली.

आता यातली गंमत. पुडी ही नमुन्यासारखी गोष्ट, चाखून बघायची. पण भारतात बहुतेकांनी ती चाखून बघितली आणि पुढे बाटली घेतलीच नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा पुडीच घेतली. नमुनाच मुख्य माल झाला. आपल्या देशात शांपूचा मोठा हिस्सा आजही पुडीतच विकला जातो.

आणि इथे एक गोष्ट आहे जी माझ्यासारख्या शहाण्याला नोकरी लागल्यावर चार वर्षांनी कळली. आपण धरून चालतो की मोठं पॅक घेतलं की स्वस्त पडतं. मागच्या महिन्यात मी दुकानात उभा राहून एकाच कंपनीच्या एकाच शांपूचं गणित केलं. दोन रुपयांची पुडी, आत सहा मिली. म्हणजे एका मिलीला तेहतीस पैसे. त्याच शांपूची ३४० मिलीची बाटली अडीचशे रुपयांना. म्हणजे एका मिलीला जवळजवळ चौऱ्याहत्तर पैसे. बाटली दुपटीहून महाग! तेवढ्याच मिलीच्या पुड्या घेतल्या असत्या तर सत्तावन्न पुड्या, एकशे चौदा रुपये.

असं का? एक कारण म्हणजे बाटली, तिचं झाकण किंवा पंप आणि लेबल, या सगळ्याला पैसे पडतात. पुडी म्हणजे पातळ फिल्म, मशीनवर भरली आणि गरम दाबून चिकटवली. पण मोठं कारण वेगळं आहे. पुडीची किंमत नाण्याला बांधलेली असते. एक रुपयाची पुडी एक रुपया दहा पैसे करता येत नाही, कारण दहा पैसे आणायचे कुठून? आणि दोन रुपये केले, तर शेजारच्या माळेवर दुसऱ्या कंपनीची एक रुपयाची पुडी लटकलेलीच आहे. म्हणून खर्च वाढला की कंपन्या किंमत वाढवण्याऐवजी आतला माल थोडा कमी करतात. बाटली घेणारा माणूस मात्र दहा-वीस रुपयांच्या फरकाकडे तेवढं बघत नाही, आणि हे कंपन्यांना पक्कं माहीत आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. एक, हे शांपूच्या पुडीचं खरं आहे, सगळ्याच छोट्या पॅकचं नाही. दुसरी, नाव एक असलं तरी पुडीतला आणि बाटलीतला माल तोच असेल असं गृहीत धरू नका. मागे घटकांची यादी असते, दोन्हीचा फोटो काढा आणि ओळीने जुळवा. यादीचा क्रम बदललेला दिसला, तर तुम्ही एक वस्तू चाखून दुसरीच विकत घेताय.

मग ऑनलाइन मिळणारे ते मिनी, ट्रायल पॅक, डिस्कव्हरी सेट? तिथे गणित उलटं आहे. तिथे छोटं पॅक मिलीमागे महाग असतं. मग घ्यायचं की नाही? मी एका क्रीमच्या आकड्यांवर हिशोब मांडला, तोच सांगतो.

समजा २०० मिलीची बाटली सहाशे रुपयांना आहे, म्हणजे मिलीला तीन रुपये. आणि ३० मिलीची मिनी दीडशे रुपयांना, म्हणजे मिलीला पाच. मिनीतलं तीस मिली मोठ्या बाटलीच्या भावाने नव्वद रुपयांचं झालं असतं, तुम्ही दीडशे दिले. म्हणजे साठ रुपये जास्त. हे साठ रुपये म्हणजे नको म्हणायच्या हक्काची फी.

आता समजा तुम्ही अशा तीन नव्या वस्तू घेतल्या आणि त्यातली एक जमली नाही. सरळ बाटल्या घेतल्या असत्या तर एक बाटली वाया, सहाशे रुपये गेले. मिनी घेतल्या असत्या तर न जमलेल्या वस्तूचे दीडशे गेले, आणि जमलेल्या दोघींमागे साठ-साठ जास्त गेले. एकूण दोनशे सत्तर. मिनी जिंकली.

पण समजा दहा वस्तूंमधली एकच जमत नाही. बाटल्यांच्या बाजूला नुकसान तेच, सहाशे. मिनीच्या बाजूला एकीचे दीडशे आणि उरलेल्या नऊ जणींचे साठप्रमाणे पाचशे चाळीस, म्हणजे सहाशे नव्वद. आता मिनी हरली.

म्हणजे साधारण आठ-नऊ वस्तूंमागे एक वाया जात असेल, तिथे काठ आहे. अंगाचा साबण, साधा बॉडी वॉश, खोबरेल तेल अशा वस्तूंत आपल्याला सहसा वाईट अनुभव येत नाही, तिथे मिनी घेणं म्हणजे उगाच फी भरणं. सेंट, सनस्क्रीन, चेहऱ्याचं सीरम, कुरळ्या केसांच्या वस्तू, यात आपला अंदाज बरेचदा चुकतो. तिथे ती फी द्यावी. तुमच्याकडचे आकडे वेगळे असतील, पण विचारायचे प्रश्न हेच. फी किती, आणि माझा अंदाज किती वेळा चुकतो?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. तोंडावर म्हणजे अगदी तोंडावरच.

दोन वर्षांपूर्वी मी चेहऱ्याच्या एका क्रीमचा नमुना मागवला. दोन मिलीचं पाकीट. रात्री लावलं, सकाळी उठलो, चेहरा मऊ. वा! त्याच आठवड्यात सेल होता, मी दोन मोठ्या ट्यूब घेतल्या. एकावर एक सवलत, सोडतो कसला? दहा दिवस छान गेले. अकराव्या दिवशी गालांवर खाज, बाराव्या दिवशी लाल चट्टे. माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं, जेवणातलं काहीतरी असेल, उशीचा अभ्रा असेल, पण क्रीम नसेल. क्रीम तर मी आधी तपासलं होतं ना! म्हणून मी अजून तीन दिवस ते लावत राहिलो. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी समजावलं ते मला आयुष्यभर लक्षात राहील. त्वचेला त्रास दोन प्रकारांनी होतो. एक म्हणजे सरळ जळजळ. वस्तू तिखट असते, लावली की चुरचुरते, काही मिनिटांत किंवा तासांत कळतं. दुसरी म्हणजे ॲलर्जी, आणि तिची चाल वेगळी असते. शरीर त्या घटकाला आधी ओळखायला शिकतं. त्याला साधारण दहा-चौदा दिवस लागू शकतात. त्या काळात तुम्हाला काहीही होत नाही. एकदा शरीर शिकलं, की पुढे लावल्यावर दोन-चार दिवसांत खाज आणि चट्टे येतात. म्हणजे मी एका रात्रीचा नमुना वापरून फक्त पहिला प्रश्न विचारला होता आणि दुसऱ्याचंही उत्तर मिळालं असं समजून बसलो होतो. कामाच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट पास झाली होती, पण ज्या बगसाठी ती लिहायला हवी होती, त्याच्यासाठी ती लिहिलेलीच नव्हती.

मग बरोबर पद्धत कुठली? डॉक्टरांनी सांगितलेली अशी. वस्तू थेट चेहऱ्याला लावायची नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा ठरवायची. तिथे दिवसातून दोनदा, रोज, आठवडाभर लावायची. ज्यांची त्वचा नाजूक आहे किंवा ज्यांना आधी ॲलर्जी झालीय त्यांनी दोन आठवडे. जागा लाल झाली, खाजली, बारीक पुरळ आलं, तर तिथेच थांबायचं. शांपू किंवा फेसवॉशसारखी धुवून टाकायची वस्तू मात्र अशी लावून ठेवायची नाही, नाहीतर चांगल्या वस्तूनेही जळजळ होईल. ती वापरूनच बघायची. आणि ज्यांना आधी जोरदार त्रास झालाय त्यांनी हे घरच्या घरी न करता डॉक्टरांकडे पॅच टेस्ट करून घ्यावी.

आता यावरून नमुना केवढा हवा हे ठरतं. दोन मिलीचं पाकीट कोपरावरच्या नाण्याएवढ्या जागेला आठवडाभर पुरतं, पण चेहऱ्याला दोन-तीन वेळाच. म्हणून ते पाकीट चेहऱ्यावर उडवू नका, कोपरासाठी ठेवा. शांपूचं म्हणाल तर एका पुडीने काही ठरत नाही. पहिल्या धुण्याला आधीच्या कंडिशनरचा थर केसांवर असतो. मी आता चार पुड्या घेतो, दोन आठवड्यांत चारदा धुतो, आणि केस कसे आहेत ते धुतल्यावर लगेच न बघता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो. आठ रुपयांत काम होतं. पण केस गळायचे थांबतील का, हे चार पुड्याच काय, चाळीस पुड्याही पटकन सांगू शकत नाहीत, कारण केसांचं चक्र महिन्यांचं असतं. पंधरा दिवसांत गळती थांबली असं कुणी सांगितलं तर ते ऐकून सोडून द्या.

सेंटचं काय? इथे आपले अत्तरवाले काका बरोबर होते. स्प्रे मारल्यावर पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत जो वास येतो तो सगळ्यात लवकर उडणाऱ्या घटकांचा, बहुतेक लिंबू-संत्र्यासारखा ताजा. दुकानात आपण नेमका तोच हुंगतो आणि कार्ड काढतो. खरा मुक्कामाला राहणारा वास दोन-तीन तासांनंतरचा. दोन मिलीच्या छोट्या बाटलीत साधारण वीस फवारे निघतात. रोज चार मारले तर पाच दिवस. पाच दिवस पुरेसे आहेत, फक्त एक दिवस ऑफिसच्या एसीत आणि एक दिवस उन्हात घालवा, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात वास जोरात उठतो आणि लवकर संपतो. मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत भरून विकणारे लोकही असतात. स्वस्त पडतं, पण त्या बाटलीवर बॅच नंबर नसतो, तारीख नसते, आणि आत नक्की काय आहे हे फक्त विकणाऱ्यालाच माहीत. निदान त्याच्याकडे मूळ बाटलीचा आणि बॅच नंबरचा फोटो तरी मागा.

पुडीची एक काळी बाजूही आहे, ती सांगितली नाही तर हा इतिहास अर्धा राहील. पुडीची फिल्म एका प्लास्टिकची नसते. आत-बाहेर वेगवेगळे थर असतात, कधी मध्ये ॲल्युमिनियमचा. ते थर सुटे करणं अवघड, आणि रिकामी पुडी इतकी हलकी की भंगारवाल्याला ती गोळा करणं परवडत नाही. बाटली तो घेतो, पुडी नाही. म्हणून ती गटारात आणि नदीत जाते. कृष्णा-कोयनेच्या संगमावर, आमच्या प्रीतिसंगमाच्या घाटावर, बायका जिथे कपडे धुतात तिथे कापलेले कोपरे मी लहानपणापासून बघतोय. रिकाम्या पुडीला एकदा किंमत मिळाली होती, पाच आणा एक घ्या. ती किंमत काढून घेतली आणि पुडी पुन्हा कचरा झाली. तपासण्यासाठी चार पुड्या घेणं आणि वर्षभर पुड्याच घेणं, यात हा फरक आहे. पण ज्याच्या हातात आठवड्याला दोनच रुपये आहेत, त्याला हे सुनावायचा हक्क मला वाटत नाही मला आहे.

आता ती कपाटातली बाटली. मागच्या दिवाळीला घर आवरताना सापडली. न उघडलेली. तारीख उलटून गेलेली. मी आईला म्हटलं, "अगं, एकदा तरी वापरायचीस." ती म्हणाली, "उघडली असती आणि सोसली नसती, तर तुला वाईट वाटलं असतं. तू पहिल्या पगारातून आणली होतीस."

मी गप्प बसलो. साडेसहाशे मिली देताना मी तिला नको म्हणायची जागाच ठेवली नव्हती. गल्लीतल्या दुकानात मात्र ती दर रविवारी ठरवायची, हीच पुडी की दुसरी. कुठल्या शांपूने ताईच्या केसात कोंडा होतो, कुठल्याने माझे डोळे जास्त झोंबतात, हे तिला सगळं पाठ होतं. मी ज्याला कंजूषपणा म्हणत होतो, ती आमच्या घरातली सगळ्यात नीट चाललेली चाचणी होती.

या वेळी कराडला जाताना मी तीन वेगवेगळ्या शांपूच्या चार-चार पुड्या नेल्या. एकूण चोवीस रुपये. आईने त्या ओळीने ठेवल्या, वास घेतला आणि विचारलं, "यातली पहिली कुठली?" तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, हिरवी नको, निळी चांगली आहे, निळीची छोटी बाटली आण. छोटी म्हणाली, बरं का.

तर मंडळी, तुमच्या घरीही कपाटात अशी एखादी न उघडलेली किंवा एकदाच उघडलेली बाटली असेल. ती कुणी आणली, आणि ती का पडून राहिली, ते आम्हाला लिहून कळवा. आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.